पहिल्या कादंबरीबद्दल: 'डबल बेल'

मॅडम, नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोन केला होता तेव्हा तुमच्या ऑफिसातनं सांगितलं की आधी पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मेल करा, पूर्ण हस्तलिखित मागितल्याशिवाय पाठवू नका. त्याप्रमाणे पाठवतेय. कादंबरीचं नाव 'डबल बेल', साधारण ६८ हजार शब्द, पूर्ण लिहून झालीय, आणि माझं हे पहिलंच पुस्तक.

जानेवारी २०२२. एसटीचा संप सुरू होऊन अडीच महिने झालेत. कमल कंडक्टर आहे, तिचा नवरा दत्ता त्याच डेपोत मेकॅनिक. घरात दोन पगार यायचे, आता एकही नाही. एका पहाटे कमल कुणाला न सांगता खाकी चढवते आणि ड्यूटीवर हजर होते. डेपोच्या गेटातनं तिची गाडी निघते तेव्हा गाडीपुढं जी माणसं आडवी उभी आहेत त्यात दत्ता आहे. ड्रायव्हर थांबलाय, कारण कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसते, आणि घंटीच्या दोरीला हात कमलचा आहे.

इथनं कादंबरी सुरू होते आणि २२ एप्रिलला संपते, म्हणजे हायकोर्टानं कामावर रुजू व्हायला दिलेल्या शेवटच्या तारखेला. कमल संपाच्या विरोधात नाही, विलीनीकरण तिलाही पाहिजे, नोव्हेंबरात ती स्वतः मंडपात बसलेली आहे. पण सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातनं दोनदा आहे आणि ते तारीख पुढं ढकलत नाही. आमच्याकडं बायांना मुक्कामी ड्यूटी शक्यतो लावत नाहीत, पण माणसंच नाहीत म्हटल्यावर कमलला खोऱ्यातल्या शेवटच्या गावाची मुक्कामी गाडी मिळते, रात्री जायचं, देवळाशेजारच्या खोलीत झोपायचं, पहाटे सहाला परत निघायचं. त्या गावात तिला कळतं की गाडी बंद झाल्यापासून बारावीतल्या एका पोरीचं कॉलेज सुटलंय आणि घरच्यांनी लग्न जमवत आणलंय. एकीकडं त्या पोरीला रोज कॉलेजला पोचवायचं, दुसरीकडं घरात दत्ता तिच्याशी एक शब्द बोलत नाही, ताट वाढलं की उठून जातो. शेवट तुमच्यापासनं लपवत नाही, सारांशात सगळा दिलाय: दत्ता शेवटच्या दिवशी रुजू होतो आणि पहिलीच गाडी त्याच्याकडं कामाला येते ती कमलची. दोघं समेट करतात का ते मी सांगितलेलं नाही, पण तो गाडीखाली जातो आणि ती टॉर्च धरून उभी राहते एवढं आहे.

निवेदन कमलच्या तोंडून, सातारी बोलीत आहे. पहिल्या प्रकरणातल्या गेटावरच्या प्रसंगातल्या ह्या ओळी:

"दत्ता माझ्याकडं बघतच न्हवता. त्याची नजर रेडिएटरवर हुती, गेल्या उन्हाळ्यात त्यानंच बसवल्याला. गळतंय का नाय तेवढं बघत हुता. मला म्हायतीय त्याची नजर. माणसं घोषणा देत्यात आन् ह्यो वाकून पाण्याचा थेंब शोधतोय. दोरी माझ्या हातात घामानं वली झाली."

वाचक कुठला, तर 'गोतावळा' ज्यांना आवडते तो. आनंद यादवांनी १९७१ मध्ये शेतावरच्या गड्याचं काम त्याच्याच बोलीत, हाताबोटांसकट लिहिलं आणि यंत्र आल्यावर त्याचं काय होतं ते दाखवलं. मला कंडक्टरचं काम तसं लिहायचं होतं, वेबिल, मशीन, खांद्यावर पट्ट्याचा वळ, चिल्लर मोजताना काळी पडणारी बोटं, हे सगळं माहिती म्हणून न येता गोष्ट पुढं सरकवत यायला पाहिजे होतं. दुसरं जयंत पवारांचं 'अधांतर'. ते नाटक आहे हे माहितीय, तरी नाव घेतेय, कारण संपाची झळ रस्त्यावर न दाखवता घराच्या चार भिंतीत कशी दाखवायची ते मी तिथनं शिकले. तिथं संप होऊन गेल्यानंतरचं घर आहे, माझ्याकडं संप चालू असताना दुभंगलेलं. आणि कविता महाजनांची 'ब्र', कारण कामासाठी बाहेर पडलेली बाई, गावोगावच्या बायांना भेटत तिचं स्वतःचंही काहीतरी बदलत जातं, तो वाचकवर्ग माझाही आहे. फरक एवढाच की 'ब्र'मधली बाई त्या जगात बाहेरनं जाते, कमल त्या जगातलीच आहे. अलीकडच्यातलं म्हणाल तर कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर आमच्या डेपोतल्या दोघांनी ते मागून नेऊन वाचलं, त्यामुळं थोडी माणसं, एक गाव आणि बोली असली कादंबरी वाचणारी माणसं आहेत असं मी खात्रीनं म्हणते.

माझ्याबद्दल. मी १२ वर्षं एसटीत कंडक्टर आहे, बी.ए. मराठी, दोन कथा दिवाळी अंकांत आल्यात. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायची आहे, कमल म्हणजे मी नाही. मी संपात शेवटपर्यंत होते, गेटाच्या दुसऱ्या बाजूला. आमच्यातली एक मैत्रीण जानेवारीत कामावर गेली आणि आम्ही सगळ्यांनी तिच्याशी बोलणं तोडलं. ती गाडीच्या खिडकीत बसलेली, मशीन मांडीवर, खाली बघत होती, आणि मी तिला ओरडून जे बोलले ते मला अजून झोपेत ऐकू येतं. तिच्या घरी काय चाललंय ते मी विचारलं नाही. कादंबरी लिहायला घेतली ती त्याच्यासाठी, तिच्या बाजूनं ती सकाळ एकदा पूर्ण बघायची म्हणून. तिनं हस्तलिखित वाचलंय आणि छापायला तिची हरकत नाही. तिचं घर, आजारपण, गाव सगळं बदललंय, डेपो आणि माणसं काल्पनिक आहेत.

आणखी दोन गोष्टी. एका प्रकाशकांनी मला आधी ३०० प्रती विकत घ्यायला सांगितल्या, मी नाही म्हणाले, तुमच्याकडं तसं नसतं असं ऐकलंय म्हणूनच लिहितेय. सध्या हस्तलिखित दुसऱ्या कुणाकडंही दिलेलं नाही, तीन महिने तुमच्याच उत्तराची वाट बघेन. साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला अजून अर्ज केलेला नाही, तुम्ही काय म्हणताय त्यावर ठरवू. बोली सोपी करा, प्रमाण भाषेत आणा असं म्हणालात तर निवेदनात मला ते जमणार नाही, पण लांबी कमी करायची, मधली दोन प्रकरणं घट्ट करायची, ह्याला मी कधीही तयार आहे. सातवं प्रकरण जरा रेंगाळतं हे मलाही जाणवतंय.

सोबत दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं, युनिकोडमध्ये. पूर्ण हस्तलिखित तयार आहे, सांगाल त्या दिवशी मेल करते. ड्यूटीत फोन उचलता येत नाही, ह्या महिन्यात माझी सकाळची गाडी आहे, दुपारी साडेतीननंतर कधीही करा.

तुमची,
सुजाता