दुबईच्या अरबी भाडेकराराचा मराठी अनुवाद: अनामत, देखभाल आणि घर रिकामे करण्याच्या अटी

घर: अल कुसैस, दुबई. एक बेडरूम, फर्निचर नाही.
मुदत: १ सप्टेंबर २०२५ ते ३१ ऑगस्ट २०२६.
वार्षिक भाडे: ६०,००० दिरहम, प्रत्येकी १५,००० चे चार पुढील तारखांचे चेक.
अनामत: ३,००० दिरहम.

हा अनुवाद इजारी या दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीच्या छापील फॉर्मला जोडलेल्या अरबी अटींपैकी कलम ५ ते ११ चा आहे. नावे व ओळखपत्र क्रमांक मूळ कागदावर पाहावेत. अनुवादकाचा खुलासा ‘टीप’ या शब्दाने वेगळा दाखवला आहे. तो कराराचा भाग नाही.

टीप: अरबीत ‘मुअज्जिर’ आहे, म्हणजे भाड्याने देणारा. इथे ‘मालक’ मुद्दामच लिहिलेले नाही, कारण पहिल्या पानावर मालक एक आणि भाड्याने देणारी व्यवस्थापन कंपनी दुसरी आहे. सही कंपनीची आहे, म्हणून मालकाने तिला दिलेल्या मुखत्यारपत्राची प्रत मागून घ्या. अनामतीचा चेक कोणाच्या नावाने काढायचा, हे त्यात पाहून ठरवा.

कलम ५: अनामत

५.१ भाडेकरूने सही करतेवेळी ३,००० दिरहम परतीची अनामत जमा करावी. ही रक्कम भाडे म्हणून वळती करता येणार नाही.

टीप: मूळ शब्द ‘तअमीन’ असा आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ विमा होतो. इथे त्यापुढे ‘परत मिळणारा’ हे विशेषण असल्याने अनामत हाच अर्थ बरोबर आहे. पावतीवर मात्र नुसते ‘तअमीन’ लिहून चालणार नाही, ‘परतीची अनामत’ असेच लिहून घ्या. ‘शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून कापा’ असे म्हणायची सोय या कलमाने ठेवलेली नाही.

५.२ घर परत ताब्यात दिल्यापासून ३० दिवसांत अनामत परत करावी. थकलेले भाडे, वीज-पाण्याची अंतिम बिले आणि वापरातील स्वाभाविक झीज सोडून झालेल्या नुकसानीचा खर्च त्यातून वजा करता येईल. वजावटीची बिले दाखवावी लागतील.

टीप: ‘झीज’साठीचा अरबी शब्द ‘इस्तिहलाक’. पाणी-विजेच्या संदर्भात हाच शब्द ‘वापर’ या अर्थाने येतो. इथे तोच मराठी शब्द बसवला असता तर नेमकी वजावटीची अट चुकली असती. दुबईच्या भाडे कायद्यातही (२००७ चा कायदा क्र. २६) स्वाभाविक झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. रंग फिका पडणे, टाइल्सची चकाकी जाणे, दाराची कडी सैल होणे ही झीज. भिंतीतली भोके, तुटलेले बेसिन, जळालेला ओटा हे नुकसान. घर घेतानाच प्रत्येक खोलीचे, नळांचे, ए.सी.चे तारखेसह फोटो काढून कंपनीला ईमेलने पाठवा. वर्षभराने भांडण होते ते बहुतेक ‘हे आधीपासून होते’ यावरच.

कलम ६: वीज व पाणी

डेवाचे खाते भाडेकरूच्या नावावर राहील. घर सोडताना अंतिम बिल भरल्याची पावती द्यावी.

टीप: डेवा म्हणजे दुबईचे वीज-पाणी प्राधिकरण.

कलम ७: देखभाल

७.१ इमारतीचा सांगाडा, छत, मुख्य पाइप, विजेची मुख्य वायरिंग, ए.सी.चा कॉम्प्रेसर व पाण्याचा हीटर यांची दुरुस्ती भाड्याने देणारा करील.

७.२ ज्या किरकोळ दुरुस्तीची किंमत प्रत्येक बिघाडामागे ५०० दिरहमपेक्षा जास्त नाही, ती भाडेकरू करील.

टीप: सगळ्यात जास्त पैसे या वाक्यात अडकलेले आहेत. दुरुस्ती ७०० दिरहमची निघाली तर पहिले ५०० तुमचे आणि वरचे २०० त्यांचे, असा अर्थ कोणी सांगेल. अरबी वाक्यरचना तसे म्हणत नाही. ‘५०० पेक्षा जास्त नाही’ हे विशेषण दुरुस्तीला लागलेले आहे. म्हणजे ७०० ची दुरुस्ती या कलमात येतच नाही, सगळी त्यांचीच. उलट, ३०० च्या तीन वेगळ्या दुरुस्त्या तिन्ही तुमच्या. एकाच बिघाडाची तीन बिले फाडली जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक तक्रार लेखी करा आणि त्यात बिघाडाचे वर्णन लिहा.

टीप: ए.सी.मध्ये गॅस भरण्याचा उल्लेख ७.१ मध्ये नाही. बिल ५०० च्या आत असेल तर तो खर्च तुमच्याकडे येतो. पण गळती कॉम्प्रेसरमध्ये असेल तर ते काम ७.१ चे. त्यामुळे गॅस भरण्याआधी तंत्रज्ञाकडून गळती कुठे आहे हे लिहून घ्या. कायद्याप्रमाणे देखभाल मुळात भाड्याने देणाऱ्याची, पण ‘दोघांत वेगळे ठरले नसेल तर’. ७.२ हेच ते वेगळे ठरलेले.

७.३ ए.सी.ची जाळी दर तीन महिन्यांनी भाडेकरूने साफ करावी. पाणी गळत असल्यास ४८ तासांत लेखी कळवावे. न कळवल्याने वाढलेले नुकसान भाडेकरूचे.

कलम ८: बदल व पोटभाडे

लेखी परवानगीशिवाय घरात बदल करू नये, पार्टिशन घालू नये किंवा कोणाला पोटभाड्याने ठेवू नये.

कलम ९: मुदतीपूर्वी घर सोडणे

भाडेकरूने ६० दिवस आधी लेखी सूचना द्यावी व दोन महिन्यांचे भाडे भरपाई म्हणून द्यावे.

टीप: भरपाई १०,००० दिरहम होते. एकतर्फी करार मोडण्याचा हक्क कायदा देत नाही, त्यामुळे नोकरी गेल्यावर तुमचा आधार हेच कलम. ६० दिवसांतले भाडे भरपाईतून वजा होईल असे मजकुरात कुठेही नाही. सहीपूर्वी ते स्पष्ट करून घ्या.

कलम १०: घर रिकामे करायला लावणे

टीप: अरबीत कलम ९ आणि १० दोन्हीकडे ‘इख्ला’ हा एकच शब्द आहे. स्वतःहून घर सोडणे आणि बाहेर काढले जाणे हे दोन्ही अर्थ त्यात येतात, म्हणून मराठीत दोन वेगळे शब्दप्रयोग केले आहेत.

१०.१ भाडे न भरल्यास इशारा दिल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरावी. न भरल्यास, किंवा कलम ८ मोडल्यास, मुदत चालू असतानाही घर रिकामे करण्याची मागणी करता येईल.

टीप: इशाऱ्याची तारीख आणि तो हाती पडल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा. भरलेल्या रकमेची पावती त्याच दिवशी मागा.

१०.२ मुदत संपताना भाड्याने देणारा दोन महिन्यांची सूचना देऊन घर परत मागू शकेल.

टीप: मूळ मजकूर असाच आहे, म्हणून तसाच दिला. पण तो कायद्याला धरून नाही. २००८ च्या कायदा क्र. ३३ ने सुधारलेल्या भाडे कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतीअखेरीस घर परत मागण्यास चारच कारणे चालतात: पाडून पुन्हा बांधणे, भाडेकरू असताना करता न येणारी मोठी दुरुस्ती, स्वतःसाठी किंवा अगदी जवळच्या नातलगांसाठी वापर, आणि विक्री. तीही किमान १२ महिने आधी, नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने कळवून. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज ही नोटीस नव्हे. हे उपकलम काढून टाकायला सांगा. कंपनी ऐकली नाही, तरी सहीमुळे तुमचा कायद्यातला हक्क गेला असे समजू नका.

१०.३ नूतनीकरणात भाडे वा अटी बदलायच्या असल्यास मुदत संपण्यापूर्वी ९० दिवस कळवावे.

टीप: या कराराला ती तारीख २ जून २०२६. नंतर आलेल्या भाडेवाढीला लेखी हरकत घ्या.

कलम ११: वाद व भाषा

वाद दुबईच्या भाडेविवाद निवारण केंद्राकडे जातील. अरबी मजकूर ग्राह्य राहील.

टीप: केंद्रात ही मराठी प्रत चालत नाही. ती समजून घेण्यासाठी आहे. सही करताना अरबी पानांवरचे कलम क्रमांक या प्रतीशी जुळवून पाहा आणि ज्या पानावर खाडाखोड असेल तिथे दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या.