केंद्रीय अर्थसंकल्प २०२५-२६: सोप्या भाषेत

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पातून सगळ्यांच्या लक्षात राहिला तो एकच आकडा: बारा लाख. आधी तोच पाहू.

नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर आयकर शून्य. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२.७५ लाख. पण हे ‘१२ लाख करमुक्त’ नाही. कर ४ लाखांपासूनच लागतो: ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के. हा ६० हजारांचा कर सरकार सवलत म्हणून माफ करते. उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर? ६१,५०० नव्हे, १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे १० हजारच कर, वर उपकर. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावर विशेष दराने लागणारा कर मात्र या सवलतीतून माफ होत नाही. जुन्या प्रणालीचे दर तसेच आहेत.

ज्येष्ठांच्या ठेवींवरील व्याजाची टीडीएस मर्यादा ५० हजारांवरून १ लाख झाली. कर्करोग, दुर्मीळ व गंभीर आजारांवरील ३६ औषधांना मूळ सीमाशुल्क माफ. जीएसटीचे दर मात्र अर्थसंकल्पात ठरत नाहीत, ते काम जीएसटी परिषदेचे.

आता खर्च. एकूण ५०.६५ लाख कोटी, त्यातले १५.६९ लाख कोटी कर्जाऊ, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के तूट. जुन्या कर्जांच्या व्याजावरच १२.७६ लाख कोटी धरले होते. संरक्षणाचे ६.८१ लाख कोटी (पेन्शन धरून) त्यापुढे निम्मेच भरतात. टाळ्या पडतात योजनांना, पण तिजोरीवरचा हा बोजा आधी वाचावा. रस्ते, रेल्वे अशा भांडवली कामांसाठी ११.२१ लाख कोटी आहेत. मनरेगाला २०२४-२५ इतकेच ८६ हजार कोटी. मजुरी आणि महागाई वाढत असताना ‘तितकेच’ म्हणजे प्रत्यक्षात कमी.

नव्या योजनांत शेतीचा भाग मोठा. कमी उत्पादकतेच्या १०० जिल्ह्यांसाठी धन-धान्य कृषी योजना, तूर-उडीद-मसुरासाठी सहा वर्षांचे आणि कापसासाठी पाच वर्षांचे अभियान. किसान क्रेडिट कार्डावरील सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ वरून ५ लाख करण्याचा प्रस्ताव होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी कापूस आणि तुरीच्या तरतुदींकडे लक्ष ठेवावे, कारण अभियान जाहीर होणे आणि गावात पोहोचणे यांत बरेच अंतर असते.

जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे तीन वर्षांत उभी राहायची आहेत, त्यातली २०० पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये. ॲपवरून डिलिव्हरी किंवा टॅक्सीचे काम करणाऱ्यांना ई-श्रम नोंदणी, ओळखपत्र आणि आरोग्य योजनेचे कवच देण्याची घोषणा होती.

कराचे हे नवे दर १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला लागू आहेत. २०२४-२५ च्या कमाईचे विवरणपत्र मात्र आधीच्याच दरांनी होते.