सोलापुरी चादर-टॉवेलचं ऑनलाइन दुकान : पहिल्या सहा महिन्यांची योजना

वहिनी, दादांच्या साखर पेठेतल्या मागावरचा माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचा, हे आपलं ठरलं आहे. त्याचा पूर्ण हिशोब खाली मांडला आहे. सगळे आकडे आपल्याला मिळालेल्या कोटेशनवरून आणि दादांच्या मालाच्या खऱ्या वजनावरून काढले आहेत. वाचताना वही जवळ ठेवा. एखादा आकडा पटला नाही तर तिथेच खूण करा.

सुरुवातीला तीनच वस्तू ठेवायच्या. डबल चादर ९० बाय १०० इंच, वजन १ किलो ९०० ग्रॅम, विक्री १,२९९ रुपये. सिंगल चादर ६० बाय ९० इंच, वजन १ किलो १५० ग्रॅम, विक्री ७४९. टॉवेलची जोडी ७६० ग्रॅम, विक्री ५४९. नॅपकिन, वॉल हँगिंग, बेडशीट हे सगळं दिवाळीनंतर बघू. डिझाइनही प्रत्येकी चारच. जास्त डिझाइन ठेवली की पैसा कपाटात अडकतो, आणि गिऱ्हाइकाला नेमकं हवं ते शिल्लक नसतं.

एका डबल चादरीचा हिशोब

१,२९९ मध्ये ५ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो काढला की १,२३७ उरतात. मागावरून चादर ८२० ला पडते, पॅकिंग २४, कुरिअर १२५, पेमेंट गेटवे २६, जाहिरातीचे ७०. हातात राहतात १७२ रुपये. कुरिअर आणि गेटवेच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याला क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणून तो खर्चात धरलेला नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक बिलावर आपला जीएसटी नंबर हवा. राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी लागतेच आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कंपोझिशन योजना चालत नाही, त्यामुळे नेहमीचीच नोंदणी करायची.

सिंगल चादरीत असाच हिशोब केला तर ७० रुपये सुटतात, टॉवेलच्या जोडीत ५१. म्हणजे नुसती टॉवेलची जोडी फुकट डिलिव्हरीने पाठवणं परवडत नाही. पण सिंगल चादर आणि टॉवेलची जोडी एकाच पाकिटात घातली, तर वजन दोन किलोच्या आत बसतं, कुरिअर १२५ मध्येच जातं आणि १,२९८ च्या त्या ऑर्डरमागे २५१ रुपये राहतात. म्हणून डिलिव्हरी ९९९ च्या वर फुकट, खाली ६० रुपये. आणि हा जोडसंच दुकानाच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लावायचा.

घडी आणि कुरिअर

हा भाग नीट समजून घ्या, वहिनी. कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं आकाराचं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. यातलं जे जास्त, त्यावर बिल, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने.

आपली डबल चादर नेहमीसारखी सैल घडी घातली तर ३८ बाय ३० आणि उंची १० सेंटिमीटर होते. भागाकार २.२८, म्हणजे बिल अडीच किलोचं, १५० रुपये. तीच घडी फळीखाली दाबून, सुती पट्टीने आडवी-उभी बांधून ८ सेंटिमीटरवर आणली की भागाकार १.८२ येतो. काट्यावर पॅकिंगसकट १ किलो ९६० ग्रॅम. बिल दोन किलोचं, १२५. दोन सेंटिमीटरला २५ रुपये. पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली (४० बाय ३२ बाय १२) तर थेट साडेतीन किलोचं बिल लागतं, २०० रुपये, आणि खोक्याची किंमत वेगळी. त्यामुळे चादरीला खोकं नाही. लग्नातल्या आहेरासाठी कोणी मुद्दाम मागितलं तर वेगळे पैसे घेऊन द्यायचं.

घडी घालायचं काम तुमच्याच हातचं राहू द्या, निदान पहिले दोन महिने. काठ वर दिसेल, विणीचा नक्षीचा भाग मधोमध येईल आणि उंची आठच्या वर जाणार नाही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमणार नाही. टेबलाच्या कडेला आठ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारून ठेवू.

काट्यावर ठेवलेल्या पाकिटाचा फोटो रोज काढायचा, वजन आणि लेबल दोन्ही दिसतील असा. मोजपट्टी लावूनही एक. कुरिअरने वजन वाढवून पैसे कापले तर मुदतीत तक्रार करताना हाच पुरावा लागतो.

दर ठरवताना राज्यातला आणि राज्याबाहेरचा दर यांची सरासरी धरली आहे. एकाच कंपनीशी बांधून घ्यायचं नाही. तीन-चार कुरिअर एकाच पॅनलवर दाखवणारी सेवा घ्यायची आणि पिनकोडप्रमाणे निवडायचं. जिथे खासगी कुरिअर पोचत नाही, त्या गावांना स्पीड पोस्ट. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराची वीस-पंचवीस नगांची ऑर्डर आली तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गठ्ठा, ते सगळ्यात स्वस्त.

पिकअप दुपारी. म्हणजे सकाळी अकरापर्यंत आलेल्या ऑर्डर त्याच दिवशी, पुढच्या दुसऱ्या दिवशी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत गावातले रस्ते बंद असतात आणि नेमकी तेव्हाच थंडीमुळे चादरींना मागणी असते. त्या आठवड्यात दुकानावर आधीच सूचना टाकायची आणि पाकिटं आपणच गाडीवरून कुरिअरच्या गोदामात नेऊन द्यायची.

पॅकिंग : २४ रुपये

आतली पारदर्शक पिशवी ५, बाहेरची फाडल्याशिवाय न उघडणारी ६० मायक्रॉनची कुरिअर पिशवी ११, लेबल १, धुण्याच्या सूचनांचं कार्ड ३, सुती पट्टी आणि टेप अडीच, ओल शोषणारी पुडी दीड. पावसाळ्यात आतली पिशवी कधीही वाचवायची नाही. ओल लागलेल्या चादरीचा वास गिऱ्हाईक विसरत नाही.

कार्डावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एवढंच : पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात, गडद रंग पहिल्या एक-दोन वेळा थोडा सुटतो. हे आधीच सांगितलं की निम्म्या तक्रारी येणारच नाहीत असं मला वाटतं.

पाकिटावर वस्तूचं नाव, नग आणि माप, एमआरपी, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन हे छापायलाच हवं; 'भारतात तयार' हेही छापू. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा लोगो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही. दादांनी तो अर्ज आत्ताच टाकावा. बाहेरच्या गावचा माल 'सोलापुरी' म्हणून खपवला जातो तेव्हा आपल्या मागावरच्या माणसाची मजुरी बुडते. तो लोगो आपल्या पाकिटावर हक्काने यावा, ही माझी फार इच्छा आहे.

पैसे घेणं

गेटवेचा दर २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खात्यातून कापले जातात २.३६ टक्के. सरकारने जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचा व्यापारी शुल्काचा दर शून्य केला आहे, तरी गेटवे आपल्या सेवेचे वेगळे पैसे लावू शकतो. करार वाचताना तेवढी ओळ शोधायची. हिशोबात मी सगळीकडे २ टक्केच धरले आहेत. पैसे कामाच्या दोन दिवसांनी चालू खात्यात येतात. गिऱ्हाइकाला पैसे परत केले तरी कापलेली फी आपल्याला परत मिळत नाही, ती तोट्यातच धरायची.

ओळखीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर थेट क्यूआर पाठवा, तिथे फी नाही. पण स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की मगच पाकीट बांधायचं, मग समोरचा कितीही जवळचा असो.

कॅश ऑन डिलिव्हरी

दादांचं म्हणणं, सीओडी ठेवली नाही तर ऑर्डर येणार नाहीत. बरोबर आहे. पण हा हिशोब बघा. सीओडीला गेटवे फी नाही, कुरिअरचे जादा ४० आहेत. डबल चादरीमागे १५८ सुटतात. गिऱ्हाइकाने दारातून पाकीट परत पाठवलं तर जाण्याचे १२५, येण्याचे १२५, पॅकिंग २४, जाहिरात ७०, पुन्हा झटकून इस्त्री करून घडी घालायचे १५ : एकूण ३५९ गेले. दहा ऑर्डरमधल्या तीन परत आल्या तर सात जणांकडून १,१०६ मिळतात, तिघांमुळे १,०७७ जातात. दहा चादरी पाठवून हातात २९ रुपये.

म्हणून सीओडी ठेवायची, पण १०० रुपये आधी यूपीआयने घेऊन. बाकीचे दारात. पाकीट नाकारलं तर हे १०० परत मिळणार नाहीत, हे ऑर्डर देताना ठळक दिसलं पाहिजे. ज्याला खरंच चादर हवी आहे तो शंभर रुपये देतो. शिवाय प्रत्येक सीओडी ऑर्डरला तुम्ही फोन करायचा : पत्ता, जवळची खूण, घरी कोण असेल. तुमच्या बोलण्यावर माणसं विश्वास ठेवतात, हे मी दुकानात बघितलं आहे. सीओडी दरमहा दहात दोनपेक्षा जास्त परत येऊ लागली तर त्या पिनकोडना ती बंद.

सीओडीचे पैसे कुरिअरकडून आठवड्याने येतात, हे माल भरताना लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल

माल फाटका, डागी, चुकीचा किंवा फोटोपेक्षा वेगळा निघाला तर परत घ्यायचाच, आणि दोन्ही बाजूंचा खर्च आपला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे असा माल नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. आपण दोन दिवसांतच संपवू. रंग आवडला नाही, माप चुकलं, तर सात दिवसांत न धुतलेली चादर परत आणि कुरिअरचे १२० गिऱ्हाइकाचे. बदलून घेतली तर हे १२० माफ, कारण तो माणूस पुन्हा येतो.

मापाचा घोळ टाळायला फोटोत चादर पलंगावर अंथरलेली हवी आणि शेजारी फूट-इंच. रंगाचे फोटो सकाळी गच्चीवर, फिल्टर न लावता. परत आलेला नग तुम्ही स्वतः उघडून बघा. स्वच्छ असेल तर पुन्हा साठ्यात, नसेल तर सेकंड माल म्हणून घरच्या काउंटरवर कमी किमतीत. ऑनलाइन सेकंड माल अजिबात नाही.

भांडवल : १,३०,००० रुपये

४० डबल, ४० सिंगल, ५० टॉवेल जोड्या : ६५,४००, त्यावर जीएसटी ३,२७०. पॅकिंग २०० ऑर्डरचं ४,८००. काटा आणि लेबल प्रिंटर ९,५००. वेबसाइट वर्षभराची १२,०००. फोटो ६,०००. कुरिअरच्या वॉलेटमध्ये १०,०००. पहिल्या १०० ऑर्डरची जाहिरात ७,०००. उरलेल्या १२,०३० ला हात लावायचा नाही. ते गिऱ्हाइकांचे पैसे परत करायला लागले तर त्यासाठी.

घटस्थापनेला दुकान सुरू. त्याआधी मी जीएसटी, चालू खातं आणि गेटवेची कागदपत्रं पूर्ण करतो. दादा अर्जाचं आणि एमआरपी छापायचं बघतील. तुम्ही या आठवड्यात वीस डबल चादरींच्या घड्या घालून प्रत्येकीची उंची आणि वजन वहीत लिहा. कोणती डिझाइन आठ सेंटिमीटरमध्ये बसत नाही ते कळलं की तिची किंमत वेगळी ठरवू.