विषय: कोथरूड येथील सदनिका पाहण्यासाठी शनिवार, १४ मार्चची वेळ, पत्ता आणि सोबत आणावयाची कागदपत्रे निश्चित करण्याबाबत

नाशिक,
रविवार, ८ मार्च २०२६

आदरणीय श्री. आपटे साहेब यांस,
सादर नमस्कार.

काल सायंकाळी दूरध्वनीवर आपण सविस्तर बोललात, त्याबद्दल आभारी आहे. आपल्या आयडियल कॉलनीतील दोन बेडरूमच्या सदनिकेची जाहिरात पाहून मी आपणांस फोन केला होता. बोलण्यात ठरलेल्या गोष्टी एकदा लिहून घ्याव्यात आणि जे एक-दोन मुद्दे अस्पष्ट राहिले ते आधीच स्पष्ट व्हावेत, म्हणजे आपल्याला ठाण्याहून आणि आम्हाला नाशिकहून पुन्हा खेप पडणार नाही, या हेतूने हे पत्र पाठवीत आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून माझी बदली पुणे येथे झाली आहे. नव्या शाखेत मला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. घरात मी, पत्नी, आठवीत जाणारी मुलगी आणि माझी आई असे चौघे आहोत. सदनिका पाहण्यासाठी मी शनिवार, १४ मार्चचा आग्रह धरला, कारण तो महिन्यातील दुसरा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी आहे. त्यानंतरचा सुट्टीचा शनिवार थेट २८ तारखेला येतो. तोपर्यंत आमच्याकडे वर्षअखेरीची कामे इतकी वाढलेली असतात की शाखा सोडून बाहेरगावी जाण्याचे नाव काढता येत नाही, आणि त्या वेळी घर ठरवून एक तारखेला सामान हलवणे तर अशक्यच होईल.

आम्ही शुक्रवारी रात्रीच कर्वेनगरला नातेवाइकांकडे मुक्कामी येत आहोत. त्यामुळे शनिवारी सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ आपल्याला सोयीची असल्यास तीच कायम धरावी. घर पाहायला अर्धा तास पुरेल. उरलेला वेळ बसून बोलण्यासाठी आणि कागद पाहण्यासाठी ठेवला आहे. सध्याचे भाडेकरू मार्चअखेरपर्यंत तेथेच राहणार असल्याचे आपण सांगितलेत. त्यांच्या स्वयंपाकाच्या किंवा जेवणाच्या वेळी चार अनोळखी माणसांनी घरभर फिरणे बरे दिसणार नाही, म्हणून दुपारची वेळ मी मुद्दाम टाळली आहे. त्यांना आमच्या येण्याची पूर्वकल्पना द्यावी आणि खोल्यांची काही छायाचित्रे घेण्यास त्यांची हरकत नाही ना, हेही विचारून ठेवावे, ही विनंती. त्यांचे सामान किंवा घरातील माणसे छायाचित्रात येणार नाहीत, याची काळजी मी घेईन. शनिवारी आपले येणे काही कारणाने जमले नाही, तर रविवारी, १५ तारखेला सकाळी नऊ ते अकरा या वेळेतही आम्ही येऊ शकू. मात्र त्यानंतर आम्हाला परतीचा प्रवास सुरू करावा लागेल.

आता पत्त्याविषयी. आपण फोनवर सांगितलेला पत्ता मी असा लिहून घेतला आहे: सदनिका क्रमांक ७, दुसरा मजला, ब इमारत, अनुराधा सहकारी गृहरचना संस्था, आयडियल कॉलनी, पौड रस्ता, कोथरूड, पुणे ४११०३८. जाहिरातीसोबतच्या नकाशावरील खूण मात्र भुसारी कॉलनीच्या बाजूला दिसते, आणि नकाशात शोधले असता ‘अनुराधा’ नावाच्या दोन इमारती समोर येतात. त्यामुळे वरील पत्ता बरोबर आहे का, इमारतीचे फाटक मुख्य रस्त्यावर उघडते की आतल्या गल्लीत, आणि जवळची ठळक खूण कोणती, एवढे कृपया कळवावे. शक्य झाल्यास इमारतीच्या फाटकाशी उभे राहून कोणाकडून तरी मोबाइलवरून स्थान पाठवण्याची व्यवस्था करावी. जाहिरातीतील खुणेपेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवता येईल. आम्ही गाडी कर्वेनगरलाच ठेवून रिक्षाने येणार आहोत, त्यामुळे त्या दिवशी पार्किंगचा प्रश्न नाही. आयडियल कॉलनी मेट्रो स्थानकापासून इमारत पायी किती अंतरावर आहे, हे समजले तर बरे होईल, कारण माझे रोजचे जाणे-येणे बहुधा मेट्रोनेच होईल. सुरक्षारक्षकाकडे आमचे नाव आधी देऊन ठेवावे लागत असल्यास ‘वाघ, नाशिक, चार व्यक्ती’ असे द्यावे.

माझ्याकडून मी पुढील कागदपत्रे सोबत आणीत आहे. ओळखीसाठी माझे आणि पत्नीचे आधार कार्ड व पॅन कार्ड, आईचे आधार कार्ड आणि बँकेचे ओळखपत्र मुळातून दाखवीन. नोकरीच्या पुराव्यासाठी बदलीचा आदेश आणि मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या असतील. नाशिकच्या सध्याच्या घराचा नोंदणीकृत करार आणि भाडे वेळेवर भरल्याचे तेथील घरमालकांचे पत्रही आणीन. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवण्यासाठी छायाचित्रे लागतात, म्हणून तीही जवळ ठेवीन. प्रती मात्र त्या दिवशी फक्त पाहण्यासाठी असतील आणि घर दोघांच्याही पसंतीस उतरल्यावरच त्या आपल्या स्वाधीन करीन. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली देईन. बँकेत आम्ही ग्राहकांना जे सांगतो ते स्वतः पाळलेले बरे. पूर्ण क्रमांक करार नोंदवताना लागेलच.

आपणही काही कागद सोबत आणावेत, अशी विनंती आहे. ती अविश्वासापोटी नाही, हे आपण जाणताच. पुढे करार नोंदवताना त्यांतील बहुतेक तपशील भरावेच लागतात. सदनिकेच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सर्वजण इंडेक्स टू म्हणतात ती, महापालिकेच्या मिळकतकराचे चालू बिल, महावितरणचे अलीकडचे वीजबिल आणि संस्थेच्या मेन्टेनन्सची शेवटची पावती एवढे पुरेसे आहे. सदनिका आपल्या व सौ. आपटे यांच्या संयुक्त नावावर असल्याचे आपण ओझरते म्हणालात. तसे असल्यास करारावर दोघांची संमती लागेल आणि नोंदणीच्या वेळी दोघांचे छायाचित्र व अंगठ्याचा ठसा घेतला जाईल. काकूंना पुण्याला येणे अवघड असेल, तर ऑनलाइन नोंदणी करून देणारी माणसे यंत्र घेऊन घरी येतात, ठाण्यालाही येतील. फक्त ते आधी ठरवावे लागेल.

व्यवहाराचे आकडे मी समजलो ते असे: मासिक भाडे २६,००० रुपये, परत मिळणारी अनामत रक्कम १,००,००० रुपये आणि कराराची मुदत अकरा महिने. भाड्यात मेन्टेनन्स धरला आहे की तो वेगळा द्यायचा, याचा खुलासा राहून गेला. घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था जे बिगर-भोगवटा शुल्क आकारते, त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि ते सदस्याच्या नावे आकारले जाते, त्यामुळे ते आमच्याकडे येणार नाही असे मी धरून चाललो आहे. आपला विचार वेगळा असेल तर आताच सांगावा; शनिवारी समोरासमोर अवघडण्यापेक्षा ते बरे.

करार नोंदणीकृतच असावा, अशी माझी इच्छा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून त्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो, म्हणून मुद्दाम लिहिले. खर्च फार नाही. एकूण भाडे आणि अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांकशुल्क लागते, म्हणजे आपल्या आकड्यांवर ते सुमारे साडेसातशे रुपये होते. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे, आणि त्यावर करार तयार करून देणाऱ्याचा मेहनताना. हा सर्व खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्यास मी तयार आहे. भाडे मी दरमहा माझ्या खात्यातून आपल्या खात्यात जमा करीन. वार्षिक भाडे एक लाखाच्या वर जात असल्याने घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना मला आपला पॅन कार्यालयात द्यावा लागेल, याची आपणांस आधीच कल्पना असावी.

घर पाहताना आमचे लक्ष मुख्यतः आईच्या सोयीकडे राहील. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट चालू आहे का आणि वीज गेल्यावर ती चालते का, हे समजणे आमच्यासाठी भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पाणी दिवसातून किती वेळ येते, स्वयंपाकघरात पाइपलाइनचा गॅस आहे की सिलिंडर वापरावा लागतो, आणि पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते का, हे मी आपल्यालाही विचारीन आणि भाडेकरूंची हरकत नसल्यास त्यांनाही विचारीन.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. आपली जाहिरात पाहिल्यानंतर मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला आपला एजंट म्हणवले आणि सोसायटीच्या ‘गेट पास’साठी काही रक्कम क्यूआर कोडवर आधी भरा, घर पाहिल्यावर ती परत मिळेल, असे सांगितले. मी ती भरलेली नाही. जाहिरात थेट मालकाची असल्याचे त्यात लिहिले आहे आणि आपणही मध्यस्थ नसल्याचे सांगितलेत, तेव्हा हा मनुष्य आपला नसावा. तरीही आपण तसे लेखी कळवावे आणि या व्यवहारात कोणालाही दलाली द्यायची नाही, हेही त्यातच स्पष्ट करावे. टोकन द्यायचे झाल्यास ते घर आणि कागद पाहिल्यानंतरच, आपल्या नावाच्या बँक खात्यात जमा करीन आणि त्याची पावती घेईन.

गुरुवारी, १२ मार्चला सायंकाळपर्यंत वेळ आणि पत्ता यांबाबत होकार मिळाला, तर शुक्रवारी निघण्याची तयारी करणे सोपे जाईल. शनिवारी रिक्षात बसताच मी आपल्याला फोन करीन. आपणांस प्रवासात उशीर होत असेल तर संकोच न करता सांगावे; बारापर्यंतचा वेळ आम्ही मोकळाच ठेवला आहे. सौ. काकूंना नमस्कार सांगावा.

कळावे,
आपला नम्र,
राजेंद्र वाघ

ता. क. सदनिकेला चारचाकीसाठी ठरलेली जागा आहे की जो आधी येईल त्याने गाडी लावायची, हे विचारायचे राहिले. जागा नेमून दिलेली असल्यास तिचा क्रमांक करारात घालता येईल, म्हणून तो उत्तरातच कळवावा.