स्टँडच्या पंख्याची जोडणी : तपासणी-यादी

☐ पुढची जाळी बसेपर्यंत प्लग सॉकेटमध्ये घालू नये.

☐ दांडा तळाच्या बैठकीत बसवून खालचा स्क्रू घट्ट आवळावा.

☐ मागची जाळी मोटरवरील खाचांत बसवून तिचा प्लास्टिकचा नट घड्याळाच्या दिशेने आवळावा.

☐ पात्याची खाच मोटरच्या दांड्यावरील आडव्या पिनेवर नीट बसली आहे हे पाहूनच पुढचा नट घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळावा.

☐ पाते हाताने फिरवून ते जाळीला घासत नाही, याची खात्री करावी.

☐ पुढच्या जाळीच्या सर्व क्लिपा व खालचा स्क्रू लावावा; जाळी सुटल्यास मुलांची बोटे पात्यात जाऊ शकतात.

☐ पुसण्यापूर्वी प्लग काढावा.