रामनवमी उत्सवातली वादस्पर्धा: कर्तव्य की मन?

चैत्र शुद्ध अष्टमी, संध्याकाळी साडेसहा, देवळाचा सभामंडप. गट आठवी ते दहावी. बाजू चिठ्ठी टाकून ठरेल. बोलायला चार मिनिटं, उत्तराला एक. आधार वाल्मीकींचाच घ्यायचा, मालिकेतले संवाद नकोत. 'राम देव, त्याला काय दुःख?' असं म्हणून कुणी सुटू नये. गंगेपलीकडच्या पहिल्या रात्री तो रडला आहे, वडिलांना बोलही लावला आहे. तेवढा भाग वाचून या.

१. 'वडिलांइतकीच मीही तुला पूज्य, आणि मी तुला जाऊ देत नाही,' असं कौसल्या म्हणते. राम दाखला देतो परशुरामाचा: पित्याच्या शब्दाखातर त्याने आई रेणुकेवर परशू चालवला. आपण कोकणातली माणसं परशुरामाला आपल्या भूमीचा कर्ता मानतो. तरीही हा दाखला पटतो का? आईची आज्ञा कमी कशाने ठरते?

२. 'मला कैद कर आणि तू राजा हो,' असं खुद्द दशरथच सांगतो. मग राम वनात जातो तो कुणाचा शब्द राखायला?

३. रथ निघाला. मागून दशरथ ओरडतोय, 'थांब!' राम म्हणतोय, 'हाक!' सुमंत्र मधे सापडला. राम त्याला सांगतो: राजाने पुढे जाब विचारला तर 'ऐकू आलं नाही' म्हण, हे दुःख लांबवण्यात पाप आहे. सत्यासाठी राज्य सोडणारा सारथ्याला खोटं बोलायला सांगतो. योग्य की अयोग्य? (माझ्या मते हा सगळ्यांत अवघड प्रश्न. तयारी नीट करा.)

४. भावाची चूक तोंडावर सांगून कुंभकर्ण त्याच्याच बाजूने लढला, बिभीषण सोडून गेला. धर्म कुणाचा?

५. वनवास लक्ष्मणाला कुणीच दिला नव्हता, तो भावाच्या ओढीने गेला. ऊर्मिला चौदा वर्षं मागे राहिली आणि वाल्मीकी तिच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. लक्ष्मणाच्या जाण्याला कर्तव्य म्हणायचं का? आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर जहाजावर असतो. बोलण्याआधी घरात आईला, आजीला विचारून या.

अंतिम फेरी. उत्तरकांड मागाहूनचं, असं बरेच अभ्यासक मानतात. मुद्दा जरूर मांडा, पण त्यावर वेळ काढू नका. सीता शुद्ध आहे हे आपला अंतरात्मा जाणतो, असं राम भावांपुढे बोलतो आणि तरीही तिचा त्याग करतो. प्रजेचा संशय मानणं हे राजाचं कर्तव्य, की तो खोडून काढणं? आणि वनवासाच्या वेळी बापावर शस्त्र धरायला निघालेला लक्ष्मण इथे वहिनीला मुकाट्याने गंगेपार सोडून येतो. त्याने नकार द्यायला हवा होता का?