विषय: आजच्या भेटीबद्दल आभार आणि पुढची ठरलेली कामं

नमस्कार मीनाताई,

आज तुम्ही वेळ दिलात आणि गोदाम स्वतः फिरून दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. परत आलेला माल वहीत एक आणि संगणकावर दुसराच दिसतो, ही तुमची खरी अडचण तिथे उभं राहिल्यावरच मला नीट कळली. म्हणून डेमोची सुरुवात आम्ही तिथूनच करू. बाकीचे रिपोर्ट नंतर पाहता येतील.

आपलं जे ठरलं ते लिहून ठेवतो. गेल्या तीन महिन्यांच्या परत आलेल्या मालाची एक्सेल फाइल सुरेशराव बुधवारपर्यंत पाठवतील. ग्राहकांची नावं काढून टाकली तरी चालेल. त्याच आकड्यांवर आमची स्नेहा डेमो तयार करेल आणि पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजता तुमच्याकडे येऊन दाखवेल. डेटा कुठे साठवला जातो, या तुमच्या आयटी विभागाच्या प्रश्नाचं लेखी उत्तर मी शुक्रवारी देतो. कोटेशन डेमोनंतरच, तेही माझ्याकडून. डेमोला गोदामातले दोघं हजर राहतील हे तुम्ही पाहणार आहात. रोज काम त्यांनाच करायचं असल्याने त्यांचं मत मला फार मोलाचं वाटतं.

जुन्या बारकोड स्कॅनरबद्दल मी तिथे ठाम उत्तर दिलं नाही. तपासून शुक्रवारच्याच मेलमध्ये कळवतो.

माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर उद्यापर्यंत जरूर सांगा.

आपला,
अमोल